जोडीदार घरातलं बाहेर सांगतो तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुपदेशनाच्या खोलीत नवरा-बायकोंकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतले तपशील ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत. काही प्रश्नांत विचारणारी बायको आहे, काहींत नवरा. उत्तरं मात्र दोघांना सारखीच लागू आहेत, कारण आईला फोन करणाऱ्या मुली जितक्या असतात, तितकेच बहिणीकडे किंवा चहाच्या टपरीवर मित्राकडे मन मोकळं करणारे पुरुषही असतात. त्यांना कुणी 'चुगलखोर' म्हणत नाही, एवढाच फरक.

माझी बायको आमच्यातलं सगळं तिच्या आईला सांगते. हा विश्वासघात नाही का?

'सगळं' म्हणजे काय, ते आधी पाहू. संध्याकाळी भाजी कुठली केली, मुलाला ताप होता, नवरा उशिरा आला आणि मी वैतागले, हे आईला सांगण्यात काहीच वावगं नाही. लग्न झालं म्हणून कुणी स्वतःच्या माणसांशी बोलायचं थांबवत नाही आणि थांबवूही नये.

मी पहिला प्रश्न विचारतो तो असा : जी गोष्ट बाहेर गेली ती कुणाची होती? सँड्रा पेट्रोनिओ या अमेरिकन अभ्यासिकेने खासगी माहितीबद्दल एक साधी मांडणी केली आहे. आपण कुणाला आपली खासगी गोष्ट सांगतो, तेव्हा ऐकणारा त्या गोष्टीचा भागीदार होतो. भागीदाराने ती पुढे कुणाला, किती सांगायची, याचे नियम मात्र बहुतेक वेळा बोललेच जात नाहीत. दोघंही आपापला नियम मनात धरून चालतात. तुमच्या मनात असतं, 'हे फक्त तुला सांगितलं'. तिच्या मनात असतं, 'आईला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं थोडंच!' मग एक दिवस ती गोष्ट तिसऱ्याच माणसाच्या तोंडून तुमच्यापर्यंत परत येते.

म्हणून लगेच विश्वासघात म्हणू नका. 'हे कुणाला सांगू नकोस' असं सांगूनही ती गोष्ट गेली असेल, तर दुखणं वेगळं. मुळात काही ठरलंच नसेल, तर दुखणं तितकंच खरं असतं, पण समोरच्यावर गुन्हा शाबीत होत नाही.

मन मोकळं करणं आणि उणीदुणी काढणं यातला फरक कसा ओळखायचा?

बोलून झाल्यावर माणूस घरी कसा येतो, ते बघा. मैत्रिणीशी तासभर बोलून बायको घरी आली आणि रात्री तुम्हाला म्हणाली, 'परवाचं आपलं बोलणं अर्धवट राहिलं', तर त्या मैत्रिणीने तुमच्या घराचं भलं केलं. बोलून ती शांत झाली, पण तो विषय तुमच्यापाशी कधीच आला नाही, तर वाफ बाहेर निघून गेली आणि चुलीवरचं तसंच राहिलं. मरे बोवेन या मानसोपचारतज्ज्ञाने कुटुंबातल्या अशा त्रिकोणांवर बरंच लिहिलं आहे. दोघांमधला ताण असह्य झाला की तिसरा माणूस आत ओढला जातो. ताण तेवढ्यापुरता उतरतो, आणि उतरतो म्हणूनच दोघांचा मूळ प्रश्न तिथेच राहतो. सहन होईल इतपत झालेल्या दुखण्यावर कुणी डॉक्टरकडे जात नाही, तसंच हे.

दुसरी खूण वाक्यांत सापडते. 'मला फार एकटं वाटतं' हे स्वतःबद्दलचं बोलणं. 'तो आहेच तसा, त्याच्या घरचेही तसेच' हे दुसऱ्यावरचं निकालपत्र. तिसरी खूण म्हणजे हशा. जोडीदाराची फजिती चार जणांत रंगवून सांगितली जाते, सगळे हसतात, आणि तो तिथेच बसलेला असतो. यात तक्रारीचा सूरही नसतो, त्यामुळे 'गंमत केली गं' म्हणून सुटका होते. माझ्या अनुभवात या प्रकाराने सर्वांत खोल जखमा होतात.

पण आई परकी आहे का? आईला सांगितलं तर बिघडतं काय?

आई परकी नाही, आणि नेमकी अडचण तीच आहे. भांडण झालं की फोन जातो. समेट झाल्यावर सहसा जात नाही. रात्री साडेनऊला तुम्ही रडत सांगता, 'आई, आज तो मला असं असं बोलला.' दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहा करून आणतो, 'चुकलं माझं' म्हणतो, तुम्ही दोघं हसता, विषय संपतो. आईपर्यंत यातला पहिला अर्धा भागच पोचलेला असतो. ती पुढचे चार दिवस जपमाळ ओढत जावयाला मनातल्या मनात बोल लावत असते. असे चाळीस-पन्नास अर्धे भाग साठले की तिच्या डोक्यात जो जावई तयार होतो, तो तुमच्या घरात राहतच नाही.

आणि तिच्यापाशी माफ करायला जागा नसते. तुमच्यापाशी ती असते, कारण तुम्ही त्याचं चांगलंही रोज बघता. मग दिवाळसणाला, डोहाळजेवणाला, कुणाच्या केळवणाला तो समोर आला की तिच्या चेहऱ्यावर दोन वर्षांपूर्वीचं भांडण असतं. त्याला कळत नाही, सासूबाई अशा तुटक का वागतात. तुम्हाला कळतं, पण सांगता येत नाही.

हेच मुलाच्या आईबाबत, बहिणीबाबत तंतोतंत लागू आहे. तिथे भर एवढीच की सून बऱ्याचदा त्याच घरात राहते, त्यामुळे तिला रोज त्या चेहऱ्यांसमोर पोळ्या लाटायच्या असतात.

म्हणून आईशी बोलणाऱ्यांना मी एक साधी गोष्ट सांगतो. भांडणाचा फोन केलात, तर समेटाचाही करा. बरेच जण दुसरा फोन करायला लाजतात. ती लाज वाटली की पुढच्या वेळी पहिल्या फोनआधी हात आपोआप थोडा थांबतो.

घरातली गोष्ट मला एका समारंभात तिसऱ्याकडून कळली. त्या क्षणी काय करायचं?

तिथे काहीच करायचं नाही. 'हो, बघू' एवढं म्हणून ताटाकडे वळायचं. ज्याने विचारलं त्याला बहुधा कल्पनाही नसते की ती गोष्ट गुपित होती. जोडीदाराकडे तिथल्या तिथे डोळे वटारून बघितलंत तर आजूबाजूचे चौघं ते टिपतात, आणि त्यांना दुसरी गोष्ट मिळते.

घरी परततानाही, रिक्षात किंवा गाडीत, विषय काढू नका. मुलं मागे बसलेली असतात आणि झोपलेली वाटली तरी ऐकत असतात. एवढंच म्हणा : 'मला आज एक गोष्ट लागली. रविवारी निवांत बोलू.' दिवस सांगितल्यामुळे तुम्ही अबोला धरला आहे असं होत नाही आणि समोरच्याला मनाची तयारी करता येते.

विषय काढायचा कसा? बोलायला गेलं की भांडणच होतं.

इथे एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण या प्रश्नाचं उत्तर नियमांपेक्षा वाक्यांत जास्त आहे.

डोंबिवलीचं जोडपं. लग्नाला सात वर्षं, एक मुलगी, घराचा महिन्याला एकतीस हजारांचा हप्ता. नवऱ्याला ऑफिसात नोटीस मिळाली : तीन महिन्यांत काम सुधारा, नाहीतर बघू. बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर त्याने ते बायकोला सांगितलं आणि तो झोपायला गेला. शुक्रवारी सकाळी लोकलमधून तिने आईला फोनवर सांगितलं. आईने काळजीपोटी थोरल्या मुलीला सांगितलं, तिने तिच्या नवऱ्याला. नऊ दिवसांनी घरातल्या एका मुंजीत पंगत बसली होती. जिलबी वाढणारा समोर उभा, आणि शेजारचे साडू अगदी प्रेमाने म्हणाले, 'काय हो, नोटिशीचे किती दिवस राहिले? बायोडाटा पाठवून द्या, आमच्याकडे शब्द टाकतो.' पलीकडे मामेसासरे होते, त्यांचाही हात थांबला. याने जिलबी नको म्हणून सांगितलं.

त्याच रात्री अकरा वाजता घरात पहिलं बोलणं झालं, ते असं :

'तुझ्या आईला सांगितल्याशिवाय तुला घास गिळत नाही ना?'

'मग कुणाला सांगू? तू बोलतोस का माझ्याशी?'

'तुमच्या घरात कुणाच्या पोटात काही राहत नाही.'

'आणि तुझी ताई? ती काय कमी आहे?'

दोन मिनिटांत नोटीस बाजूला पडली आणि दोन घराणी समोरासमोर उभी राहिली. पुढचे तीन आठवडे तो घरात 'बरं', 'ठीक आहे', 'जेवलो' इतकंच बोलत होता.

जॉन गॉटमन आणि सिबिल कॅरेअर यांनी १९९९ साली नवविवाहित १२४ जोडप्यांच्या वादांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वादाची पहिली तीन मिनिटं कशी गेली, यावरून पुढच्या सहा वर्षांत कोणती लग्नं मोडतील याचा अंदाज बांधता येत होता. अंदाज म्हणजे भविष्य नव्हे आणि ती जोडपी अमेरिकेतली होती. तरी सुरुवात कडवट झाली की शेवट गोड होत नाही, हे मी रोज बघतो. म्हणून या जोडप्याबरोबर आम्ही फक्त सुरुवातीवर काम केलं.

वेळ ठरली रविवारी सकाळची. मुलगी चित्रकलेच्या क्लासला असते, मधे पन्नास मिनिटं मिळतात. त्याने आधी कागदावर चार वाक्यं लिहिली. पहिल्या मसुद्यात 'नेहमी' तीनदा आणि 'तुझ्या घरचे' दोनदा आलं होतं, ते खोडलं. उरलं ते असं : 'मुंजीत पंगतीत साडूंनी नोटिशीबद्दल विचारलं. मला सगळ्यांसमोर उघडं पडल्यासारखं झालं. ती गोष्ट मी फक्त तुला सांगितली होती, तसं तेव्हा बोललो नाही, पण माझ्या मनात तेच होतं. आईला सांगावंसं का वाटलं, ते मला समजून घ्यायचंय.'

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं होतं आणि त्याला ते सर्वांत जड गेलं. पण ते खऱ्या अर्थाने विचारल्यामुळे तिने जे सांगितलं, ते त्याला माहीतच नव्हतं. 'तू बुधवारी सांगितलंस आणि कुशीवर वळून झोपलास. मी दोन रात्री जागी होते. हप्त्याचा हिशेब करत होते. तुला उठवून विचारलं असतं तर तू चिडला असतास. शुक्रवारी गाडीत आईचा फोन आला, तिने नुसतं "आवाज असा का गं?" म्हणून विचारलं, आणि मला रडू आलं.'

इथे दोन वेगळ्या गोष्टी सुट्या झाल्या. नोटीस ही त्याची गोष्ट. भीती ही तिची. भीती सांगण्याचा तिला पूर्ण हक्क होता. तिने भीतीबरोबर नोटीसही दिली, कारण नुसती भीती कशी सांगायची ते तिला सुचलं नाही. 'आई, सध्या थोडी काळजी आहे, आमचं आम्ही बघतोय, तू फक्त बोलत राहा माझ्याशी' हे वाक्य तिला त्या दिवशी सापडलं असतं, तर जिलबी ताटात पडली असती.

बोलल्यावर नेमकं काय ठरवायचं? 'कुणाला काही सांगायचं नाही' एवढं पुरेसं नाही का?

ते पाळलं जात नाही. दाबून ठेवलेलं बोलणं आठ-पंधरा दिवसांत जास्त जोरात बाहेर पडतं. वरच्या जोडप्याने जे ठरवलं ते बघा.

एकमेकांची नोकरी, पगार, आजारपण आणि शरीरसंबंधांबद्दलचं काहीही विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही. दोघांच्या मिळून ज्या गोष्टी असतात, जसं कर्ज किंवा दुसऱ्या मुलाचा विचार, त्या कुणाला आणि कधी सांगायच्या ते आधी एकमेकांत ठरेल. आपापल्या मनाचं मात्र ज्याचं त्याने बोलावं. त्यासाठी तिने एक जुनी कॉलेजची मैत्रीण निवडली. ती नाशिकला असते, सासर-माहेर दोन्हींकडच्या कुणाला ओळखत नाही, कुठल्याच हळदीकुंकवाला भेटत नाही. त्याने एक मित्र निवडला. दोघांनी ही नावं एकमेकांना सांगितली. हे सांगणं फार उपयोगी पडतं, कारण मग फोनवर हळू आवाज आला तरी संशय येत नाही.

त्याने स्वतःवर एक काम घेतलं : दर शनिवारी रात्री, तिने न विचारता, ऑफिसात काय चाललंय ते दहा मिनिटं सांगायचं. माझ्या मते सगळ्या ठरावाचा कणा हाच होता. तिची गुप्तता त्याच्या बोलण्यावर उभी होती. घरात ऐकणारा माणूस नसेल, तर बाहेरचा बंद करून कोंडमारा तेवढा होतो.

जाता जाता : दुसऱ्या भेटीत असं निघालं की त्या तीन आठवड्यांच्या अबोल्यात यानेही आपल्या ताईला सगळं सांगितलं होतं. 'हिच्यावर विश्वास टाकायची सोय राहिली नाही' या शब्दांत. ते त्याला गाऱ्हाणं वाटतच नव्हतं. त्याच्या लेखी तो सल्ला घेत होता.

'तू ऐकत नाहीस म्हणून मी बाहेर बोलते' असं उत्तर आलं तर?

वाद न घालता विचारा : 'शेवटचं असं कधी झालं?' एखादा दिवस, एखादा प्रसंग पुढे आला की त्यावर बोलता येतं. 'तू कधीच ऐकत नाहीस' यावर काहीच बोलता येत नाही. आणि प्रसंग खरा निघाला, तर मान्य करून टाका, लगेच. तुम्ही ऐकलं नाहीत हेही खरं आणि तिने सांगायला नको होतं हेही खरं, दोन्ही एकाच टेबलावर मावतात. एकाने दुसऱ्याचं रद्द होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट आणि कॉल रेकॉर्डिंगचं काय?

तोंडी गाऱ्हाणं विरत जातं, सांगणारा बदलतो, शब्द बदलतात. स्क्रीनशॉट विरत नाही. रागाच्या भरात तुम्ही लिहिलेलं वाक्य तसंच्या तसं, वेळेसकट, नणंदेच्या फोनमध्ये पाच वर्षं पडून राहतं आणि तिथून मावशींच्या ग्रुपवर जायला एक बोट पुरतं. म्हणून स्क्रीनशॉटबद्दल वेगळं ठरवा : एकमेकांचे संदेश, फोटो, रेकॉर्डिंग तिसऱ्याकडे जाणार नाही. जे आधीच गेले आहेत ते पुसायला सांगता येतं. पुसले की नाही हे कळत नाही, पण मागणी नोंदली जाते.

रेकॉर्डिंगबद्दल कायद्याचा प्रश्नही हल्ली खूप येतो. नवरा-बायकोने लग्न टिकून असताना एकमेकांना सांगितलेल्या गोष्टी न्यायालयात उघड करण्यावर पुराव्याच्या कायद्यात बंधन आहे. पूर्वी ते १८७२च्या कायद्याच्या कलम १२२मध्ये होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२८मध्ये आहे. मात्र नवरा-बायकोंच्या आपसातल्या दाव्याला त्यात अपवाद आहे. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर घटस्फोटाच्या एका प्रकरणात गुपचूप केलेलं फोन रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येईल असं सांगितलं. हे सगळं न्यायालयातल्या पुराव्यापुरतं आहे. आत्याला काय सांगावं, याबद्दल तो कायदा काही म्हणत नाही. आणि घरात एकाने रेकॉर्डिंग सुरू केलं, की दोघांचं बोलणं संपतं. पुढची वाक्यं मोबाइलला ऐकू जावीत म्हणून उच्चारली जातात.

सासरच्यांना आता सगळं माहीत झालंय. त्यांच्यासमोर कसं वावरायचं?

ज्याने सांगितलं, त्यानेच निस्तरायचं. सुनेने सासूला जाऊन खुलासे देऊ नयेत, जावयाने सासूबाईंना फोन करू नये. त्यात ते आणखी लहान होतात. डोंबिवलीच्या त्या बायकोने आईला फोन करून एवढंच सांगितलं : 'आई, ती गोष्ट त्याची होती, मी तुला सांगायला नको होती. माझी चूक. कुणी विचारलं तर "मला काही माहीत नाही" म्हण. आणि ताईलाही तसं सांग.' आई दुखावली. 'आता लेकीने आईशी बोलायचं तरी की नाही?' म्हणून जवळपास दोन महिने तिने स्वतःहून फोन केला नाही. हे असं होतं. ते टाळायची युक्ती मला सापडलेली नाही. या बाईने दर रविवारी आपणहून फोन केला आणि भिशीपासून गुडघेदुखीपर्यंत इतर सगळ्या गप्पा मारल्या. आईला हळूहळू कळलं की दार एकाच विषयाला लागलंय.

साडूंशी कुणीच काही बोललं नाही. ते बरंच झालं. तो माणूस मदतच करू पाहत होता.

ठरवूनही पुन्हा बाहेर बोललं गेलं तर?

एकदा झालं तर सवय समजा. वर्षानुवर्षांची सवय एका रविवारी जात नाही. इथे बघायचं ते हे : ती गोष्ट तुम्हाला कुणाकडून कळली? जोडीदाराने स्वतः येऊन 'अरे, आज बोलता बोलता ताईसमोर माझ्या तोंडून निघून गेलं' असं सांगितलं, तर ठराव जिवंत आहे. पुन्हा साडूंकडूनच कळलं आणि विचारल्यावर 'मी कुठे काय बोलले?' असं उत्तर आलं, तर अडचण बोलण्याची राहिली नाही, खोटं बोलण्याची झाली. तिसऱ्यांदा झालं तर दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जावं.

दरम्यान शिक्षा म्हणून माहिती तोडू नका. 'आता हिला काही सांगायचंच नाही' हे ठरवणं सोपं असतं आणि वर्षभर कुणाला कळतही नाही. मग एके दिवशी तिला नवऱ्याची बढती शेजारणीकडून कळते.

समुपदेशकाला सांगणं हेही बाहेर सांगणंच झालं ना?

झालं. फरक इतकाच की समुपदेशक तुमच्या कुठल्या मुंजीला येत नाही. पहिल्याच भेटीत विचारून घ्या : आम्ही दोघं वेगवेगळे भेटलो तर एकाचं दुसऱ्याला सांगाल का, नोंदी कोण पाहतं, आणि गुप्तता कोणत्या परिस्थितीत मोडावी लागते. जिवाला धोका असेल तर ती मोडावी लागते, हे कुठलाही जबाबदार समुपदेशक आधीच सांगेल.

तो हात उचलतो आणि म्हणतो, 'घरातलं बाहेर सांगितलंस तर याद राख.' मी काय करू?

सांगा. या पानावरचं बाकी काहीही तुम्हाला लागू नाही.

मारहाण, धमकी, पैसे अडवून धरणं, माहेरच्यांशी बोलू न देणं या गोष्टी जोडीदाराचं खासगी गुपित होत नाहीत. 'झाकली मूठ' म्हणून बाईला गप्प बसवणाऱ्यांत कधी कधी तिची स्वतःची आईही असते, हे मी पाहिलं आहे. तेव्हा एकीने ऐकलं नाही तर दुसऱ्या कुणाला तरी सांगा. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५च्या कायद्यात शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही धरला आहे. त्याच्या कलम ४ प्रमाणे तुमच्या वतीने शेजारीण किंवा बहीणही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर त्यासाठी कसलीही जबाबदारी येत नाही.

मार खाणारा पुरुष असेल तर हा कायदा त्याला लागू होत नाही, पण ११२ होतो, आणि सांगण्याचा हक्कही तेवढाच आहे.

एक खूण लक्षात ठेवा. ज्याला खासगीपणा हवा असतो तो म्हणतो, 'ही एक गोष्ट सांगू नकोस.' ज्याला ताबा हवा असतो तो विचारतो, 'कुणाशी बोलत होतीस? फोन दाखव.'

हे वाचताना लक्षात आलं की सांगणारी मीच आहे. नवऱ्याला अजून माहीत नाही. कबूल करू का?

ती गोष्ट फिरत फिरत त्याच्यापर्यंत येण्याची शक्यता असेल, तर आधी तुम्हीच सांगा. कुठली गोष्ट, कुणाला, केव्हा, आणि ती पुढे कुणाकडे गेली असेल, हे चारही सांगा, एकदाच. निम्मं आज आणि निम्मं पंधरा दिवसांनी असं केलं तर दोनदा लागतं. 'मी खूप तणावात होते' हे त्याने विचारल्यावर सांगा, आधी सांगितलं तर सबब वाटते. मग तो गप्प बसेल किंवा चिडेल. त्या रात्री तरी त्यावर रडायला आईला फोन करू नका.